पाळणाघरातील शिशुकक्षाची रचना

पाळणाघरातील शिशुकक्ष म्हणजे साधारण एक ते तीन वर्षे वयाची मुले दिवसभर ज्या खोलीत खेळतात, जेवतात व झोपतात ती खोली होय. या वयाचे मूल चालू लागलेले असते, पण धोका ओळखू शकत नाही. ते चढते, ओढते, हाती येईल ती वस्तू तोंडात घालते आणि क्षणात दृष्टीआड होते. त्यामुळे शिशुकक्षाच्या रचनेत तीन गोष्टींचा मेळ घालावा लागतो : मुलाच्या मापाचे व न उलटणारे सामान, निजेसाठी वेगळी राखलेली जागा आणि सेविकेला बसल्या जागेवरून प्रत्येक मूल दिसेल अशी मांडणी. या लेखात या तीन गोष्टींचा विचार मराठवाड्यातील बीड जिल्ह्याच्या परिस्थितीच्या संदर्भात केला आहे.

## बीड जिल्ह्यातील पार्श्वभूमी

बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. बालाघाटच्या डोंगररांगांतील पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज इत्यादी तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास मोठ्या संख्येने कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडी परततात. पती-पत्नीच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात व तिला मुकादमामार्फत उचल दिली जाते. शाळेत जाणारी मुले कधी आजी-आजोबांजवळ, कधी हंगामी वसतिगृहात राहतात. कारखान्यांच्या परिसरात चालवल्या गेलेल्या साखरशाळाही याच वयोगटासाठी होत्या. अंगावर पिणारे किंवा नुकते चालू लागलेले मूल मात्र बहुधा आईबरोबर जाते. ते उसाच्या फडाच्या बांधावर, झाडाला बांधलेल्या झोळीत किंवा थोरल्या भावंडाच्या ताब्यात दिवस काढते.

यामुळे जिल्ह्याशी संबंधित शिशुकक्ष दोन प्रकारचे संभवतात. पहिला, गावातील अंगणवाडीला जोडलेला किंवा स्वतंत्र कक्ष. त्यात मागे राहिलेली तसेच शेतमजूर व नोकरदार मातांची मुले येतात. दुसरा, स्थलांतराच्या ठिकाणी, म्हणजे कारखान्याच्या परिसरात कोप्यांच्या वस्तीजवळ, हंगामापुरता उभारलेला कक्ष. रचनेची तत्त्वे दोन्हीकडे सारखीच असली तरी दिनक्रमात एक मोठा फरक आहे. तोडीचे काम पहाटे, पुष्कळदा अंधार असतानाच सुरू होते. त्यामुळे कोपीतून आलेले मूल अर्धवट झोपेतच कक्षात पोहोचते. त्याला दुपारच्या झोपेआधी सकाळचीही झोप लागते. निजेची जागा केवळ दुपारी दोन तासांसाठी मांडावी, असे गृहीत धरलेली रचना येथे उपयोगी पडत नाही.

## कायदे व किमान निकष

१९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ४८ ने तीसहून अधिक महिला कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केले. २०१७ मध्ये मातृत्व लाभ अधिनियमात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनाही ही सोय करणे भाग पडले. या दुरुस्तीला अनुसरून केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत प्रत्येक मुलामागे किमान १० ते १२ चौरस फूट जागा आणि तीन वर्षांखालील दर दहा मुलांमागे एक सेविका असे प्रमाण सुचवले आहे. २०२२ पासून 'मिशन शक्ती' या छत्र योजनेखाली 'पाळणा' योजना राबवली जाते व तीत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे.

ऊसतोड मजूर कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो. त्याचा व्यवहार मुकादम व वाहतूक कंत्राटदार यांच्याशी असतो. त्यामुळे कर्मचाऱ्यांच्या संख्येवर आधारलेली वरील बंधने त्याच्या मुलापर्यंत सहसा पोहोचत नाहीत. कोपीवरचा शिशुकक्ष बहुधा स्थानिक प्रयत्नांतून, उपलब्ध खोलीत व हाताशी असलेल्या सामानातून उभा राहतो. म्हणूनच, एकाच साध्या खोलीत किती मुले सुरक्षित राहू शकतात, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो.

## खोलीची निवड

जिल्ह्यात तीन प्रकारच्या खोल्या आढळतात. माळवदाची खोली जाड भिंती व मातीचे छत यांमुळे उन्हाळ्यात थंड राहते. परंतु तिच्यात मधोमध लाकडी खांब, खोल कोनाडे, उंच उंबरठा व थोडा उजेड असतो. खांबामागचे मूल दिसत नाही आणि उंबरठ्याला अडखळून ते पडते. शिवाय छतातून माती झडते व भेगांत विंचू राहतो. पत्र्याच्या खोलीत उजेड व मोकळी जमीन मिळते, पण मार्चपासून दुपारी पत्रा तापून वरून उष्णता फेकतो. स्लॅबची खोली या दोहोंच्या मधली असते. ती दुपारनंतर तापते आणि संध्याकाळी उशिरापर्यंत गरम राहते.

पत्र्याखाली कक्ष करणे अपरिहार्य असेल, तर पत्र्याच्या वरून पांढरा रंग किंवा चुना देतात आणि आतून हवा खेळेल इतके अंतर सोडून छताला अस्तर लावतात. कोप्यांसाठी वापरले जाणारे उसाचे पाचट थंडाव्याला चांगले असले, तरी ते अतिशय ज्वालाग्राही असते. ज्या वस्तीत शेजारी चुली पेटलेल्या असतात, तेथे शिशुकक्षाच्या छतावर किंवा भिंतीला पाचट वापरणे धोक्याचे आहे. खोली निवडताना तापमान उभ्या माणसाच्या उंचीवर न मोजता, निजेच्या वेळी जमिनीपासून एक वीत उंचीवर मोजावे लागते, कारण मूल तेथे झोपणार असते. खोली चांगली असली तरी झोपलेल्या मुलाची मान व पाठ घामाने चिंब होत असेल, तर ती त्या वेळी निजेसाठी अयोग्य समजतात.

जमीन शहाबादी फरशीची असल्यास ती धुण्यास सोपी, पण ओली झाल्यावर निसरडी असते. त्यामुळे हात धुण्याची व पाणी पिण्याची जागा दाराजवळच्या एका कोपऱ्यात एकत्र ठेवतात आणि त्या भागापुरती खडबडीत चटई घालतात. पाणी भरलेली बादली, रांजण किंवा टाके मुलांच्या वाटेत कधीही ठेवू नये. या वयाचे मूल डोके खाली गेल्यास स्वतःला वर ओढू शकत नाही व काही इंच पाण्यातही बुडू शकते. न्हाणीघराच्या दाराला मुलांचा हात न पोहोचणाऱ्या उंचीवर, बाहेरून लावता येणारी कडी असते.

## सामान

लहान मुलासाठी लहान सामान असावे, ही कल्पना मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहातून जगभर पसरली. महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि पुढे कोसबाड येथील कामातून तिला ग्रामीण व आदिवासी भागाला परवडेल असे रूप दिले. परिसरात मिळणाऱ्या वस्तूंवर त्यांचा भर होता. बीडमधील शिशुकक्षासाठीही बाजारातील रंगीत खुर्च्यांपेक्षा घरातील पाट व चौरंग अधिक सोयीचे ठरतात. जमिनीलगत बसलेले मूल पडले तरी त्याला लागत नाही आणि मांडी घालून बसण्याची त्याला सवय असते.

चौरंगाची योग्य उंची ठरवण्यासाठी मुलाला पाटावर बसवून पाहतात. दंड सरळ खाली सोडून कोपर वाकवल्यावर हात चौरंगावर सहज टेकला पाहिजे आणि मांड्या त्याखाली अडकता कामा नयेत. खांदे वर उचलावे लागत असतील, तर चौरंग उंच आहे. खुर्ची वापरायची असल्यास तळपाय पूर्ण जमिनीवर टेकणे ही कसोटी असते. पाय लोंबकळणारे मूल पुढे सरकते व घसरून पडते. कडा व कोपरे कानशीने गोल करून घेतात, खिळ्यांऐवजी स्क्रू वापरतात आणि त्यांची डोकी लाकडात बुडवतात.

सर्वांत गंभीर अपघात रॅक उलटल्याने होतात. मूल रॅकच्या खालच्या फळीवर पाय ठेवते, वरची फळी धरते आणि रॅक त्याच्या अंगावर येतो. सिमेंट-विटांच्या भिंतीत एल आकाराची लोखंडी पट्टी व प्लग वापरून रॅक वरच्या बाजूस पक्का करता येतो. माळवदाच्या घरातील माती-दगडाच्या भिंतीत मात्र प्लग धरत नाही. तो काही दिवस घट्ट वाटतो व ओढ बसताच मातीसह बाहेर येतो. अशा भिंतीला रॅक न अडकवता तो मुळातच बसका करतात. उंची सुमारे ६० सेंटिमीटर असेल, तर खोली निदान ३० ते ३५ सेंटिमीटर ठेवतात आणि जड वस्तू सर्वांत खाली मांडतात. पक्केपणा तपासण्यासाठी मोठ्या माणसाने रिकाम्या रॅकची वरची कड एका हाताने पुढे ओढून पाहावी व खालच्या फळीवर दाब द्यावा. मागचे पाय उचलले गेल्यास तो रॅक शिशुकक्षात ठेवण्याजोगा नसतो.

दुसरा धोका फटींचा आहे. खिडकीचे गज, कठडा किंवा फाटक यांच्या फटीतून मुलाचे धड जाते आणि डोके अडकते. साधारण ९ ते २३ सेंटिमीटर रुंदीच्या फटी या दृष्टीने घातक मानल्या जातात. जुन्या वाड्यांच्या खिडक्यांत अशा फटी नेहमी आढळतात. त्यांवर आतून जाळी ठोकणे हा साधा उपाय आहे. दाराच्या बिजागरीकडील फटीत बोटे चिरडतात, म्हणून तेथे जाड कापडाची किंवा रबराची पट्टी वरपासून खालपर्यंत लावतात.

खेळण्यांबाबत भारतीय मानक आयएस ९८७३ लागू आहे आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. तीन वर्षांखालील मुलांसाठी मुख्य कसोटी लहान भागांची आहे. सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकू शकते. ग्रामीण भागात सहज मिळणारे चिंचोके, सागरगोटे, कवड्या, गोट्या यांचा या वयात खेळणी म्हणून उपयोग करता येत नाही. शेंगदाणे व फुटाणे यांनाही खाऊ म्हणून तोच नियम लागू होतो.

विजेची बटणे व प्लगच्या जागा मुलांच्या हातापलीकडे, सुमारे दीड मीटर उंचीवर घेतात. मराठवाड्यात कूलर सर्वत्र वापरला जातो. त्याचे लोखंडी अंग, पाणी व वीज ही जोडी घातक असल्याने कूलर खोलीत न ठेवता खिडकीच्या बाहेर बसवतात, त्याला अर्थिंग देतात आणि आतून जाळी लावतात. उभे पंखे ओढून पडतात व त्यांच्या जाळीत बोटे जातात, म्हणून छताचा पंखाच वापरतात.

## निजेचा भाग

निजेचा भाग दार, पाण्याची जागा व कूलरचा थेट झोत यांपासून दूर असावा. दुपारनंतर तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला लागूनही तो नसावा. प्रत्येक मुलाची वेगळी चटई किंवा सतरंजी, तिच्यावर पातळ वाकळ आणि ओळखीसाठी एखादी खूण असते. जागा रोज तीच ठेवल्यास मूल लवकर झोपते आणि कोण उठून गेले, हे मोकळ्या जागेवरून चटकन कळते. दोन चटयांमध्ये सेविकेला गुडघे टेकून बसता येईल इतके, म्हणजे निदान ४५ सेंटिमीटर अंतर सोडतात. शेजारच्या मुलांची डोकी विरुद्ध दिशांना ठेवल्यास एकाचा खोकला दुसऱ्याच्या तोंडावर कमी येतो. खेळणी, उशा व जाड घड्यांची पांघरुणे निजेच्या भागात ठेवत नाहीत. एक वर्षाखालील मूल कक्षात घ्यावे लागले, तर ते उताणे, सपाट व घट्ट अंथरुणावर, उशी व पांघरुणाशिवाय झोपवतात.

झोळी ही ऊसतोड मातेची गरजेतून आलेली सोय आहे. शिशुकक्षात मात्र ती टाळतात. झोळीत मुलाची हनुवटी छातीला टेकून श्वासाला अडथळा येऊ शकतो, जागे झालेले मूल त्यातून बाहेर कलंडते आणि खेळणारी मुले तिचे दोर ओढतात. झोळीची सवय असलेले मूल चटईवर पहिले काही दिवस झोपत नाही. त्याला मांडीवर थोपटून, डोळे मिटू लागल्यावर चटईवर ठेवल्यास सवय हळूहळू बदलते.

जमिनीवरील निजेत विंचू व मण्यार यांचा विचार करावाच लागतो. गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेल्या अंथरुणात विंचू शिरतो. म्हणून अंथरुणे दोरीवर टांगून ठेवतात, पसरण्यापूर्वी दाराबाहेर झटकतात, दाराखालची फट रबरी पट्टीने बुजवतात आणि भिंतीच्या भेगा सिमेंटने भरतात. भिंतीलगत सामानाचे ढीग न ठेवणे हा याच काळजीचा भाग होय.

निजेच्या वेळी खोली पूर्ण अंधारी करणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. अंधारात मुलाच्या ओठांचा रंग व छातीची हालचाल दिसत नाही. चेहरा स्पष्ट दिसेल इतका उजेड ठेवून दर दहा-पंधरा मिनिटांनी प्रत्येक मुलाजवळ जाऊन श्वास, घाम व तोंडावर आलेले पांघरूण पाहतात.

## देखरेख व दृष्टिरेषा

देखरेख ही सेविकेच्या दक्षतेइतकीच खोलीच्या भूमितीवर अवलंबून असते. खेळ व निज यांच्यामध्ये बसका रॅक ठेवला की दोन्ही भाग दिसतात, असा समज आहे. प्रत्यक्षात रॅकच्या पलीकडे, त्याच्या पायथ्याशी, न दिसणारी पट्टी तयार होते. तिची रुंदी काढण्यासाठी आडोशाची उंची व त्यापासून सेविकेचे अंतर यांचा गुणाकार करून त्याला डोळ्यांची उंची व आडोशाची उंची यांतील फरकाने भागतात.

सेविका रॅकपासून २.५ मीटरवर उभी असून तिचे डोळे जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर आहेत असे मानल्यास, ६० सेंटिमीटर उंच रॅकच्या मागची सुमारे पावणेदोन मीटर जमीन तिला दिसत नाही. चटईची लांबी १.२ मीटर असल्याने रॅकलगतची पूर्ण रांग दृष्टीआड जाते. ती जमिनीवर बसली तर पलीकडचे जवळजवळ काहीच दिसत नाही. आडोसा ३० सेंटिमीटरचा केल्यास उभ्या सेविकेला न दिसणारी पट्टी सुमारे ६५ सेंटिमीटर उरते. म्हणजेच आडोसा बसका करणे उपयोगी आहे, पण पुरेसे नाही. आडोशाला एका टोकाशी मोकळी वाट ठेवून त्या वाटेतच सेविकेचे बसण्याचे ठिकाण केल्यास ती आडोशाच्या दोन्ही अंगांना पाहू शकते आणि न दिसणारी पट्टी उरत नाही.

मांडणी झाल्यावर तिची परीक्षा घेतात. एका व्यक्तीने गुडघ्याएवढ्या उंचीची, रंगीत फडके बांधलेली कळशी खोलीत ठिकठिकाणी ठेवत जावे व दुसरीने सेविकेच्या जागेवर बसून ती दिसते की नाही ते सांगावे. जेथे कळशी दिसत नाही, तेथे मूल जाणारच, हे गृहीत धरून ती जागा मोकळी करतात किंवा बुजवतात. उघडलेल्या दारामागचा त्रिकोण, रॅक व भिंत यांमधील फट आणि लोंबणाऱ्या पडद्यामागची जागा अशा वेळी हमखास सापडते. कॅमेरा ही देखरेख नव्हे. घडून गेलेले पाहण्यास त्याचा उपयोग होतो, घशात अडकलेला दाणा काढण्यास होत नाही.

दहा मुलांना एक सेविका हे प्रमाण कागदावर पुरेसे वाटले, तरी एका मुलाला शौचास नेताना उरलेली नऊ मुले कोणाच्याही नजरेखाली राहत नाहीत. म्हणून एका सेविकेबरोबर एक मदतनीस असणे ही रचनेची पूर्वअट मानावी लागते आणि स्वयंपाकाचे काम त्या दोघींपैकी कोणाकडेही मुलांच्या वेळात देता येत नाही. बाहेर जाताना, आत येताना, निजेपूर्वी व निजेनंतर मुलांची मोजणी नावानिशी होते. केवळ संख्या मोजल्यास शेजारचे खेळायला आलेले मूल धरून बेरीज बरोबर येते व आपले एक मूल बाहेर राहिल्याचे कळत नाही.

## उदाहरण : एका खोलीची मांडणी

वरील तत्त्वे एकत्र कशी येतात, हे एका नमुना खोलीवरून स्पष्ट होईल. स्लॅबची एक खोली आतून पूर्व-पश्चिम ६ मीटर व उत्तर-दक्षिण ५ मीटर आहे. दार उत्तरेच्या भिंतीत पश्चिम टोकाशी आहे आणि न्हाणीघराचे दार पश्चिमेच्या भिंतीत आहे. क्षेत्रफळ ३० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३२३ चौरस फूट भरते. प्रत्येक मुलामागे १२ चौरस फूट धरल्यास येथे २६ मुले बसतील, असे गणित सांगते.

आता निज मांडून पाहू. पश्चिमेची भिंत तापत असल्याने व दारही त्याच बाजूला असल्याने निजेचा भाग पूर्वेकडे येतो. प्रत्येक चटई १.२ मीटर लांब व ६० सेंटिमीटर रुंद आहे. पाच मीटरच्या बाजूत पाच चटया व त्यांमधील ४५ सेंटिमीटरची चार अंतरे मिळून ४.८ मीटर होतात. सहावी चटई मावत नाही. अशा दोन रांगा व त्यांमध्ये ६० सेंटिमीटरची वाट धरली की ३ मीटर, म्हणजे नेमकी अर्धी खोली लागते. एकंदर चटया दहा झाल्या. तिसरी रांग घातल्यास झोपलेल्या व जाग्या मुलांमध्ये भेद उरत नाही आणि दाराची वाट अडते. क्षेत्रफळाने २६ मुले सांगितली, निजेने १० सांगितली आणि सेविकेचे प्रमाणही दहावरच थांबते. या खोलीची खरी क्षमता दहा मुलांची आहे.

दोन भागांच्या सीमेवर उत्तरेच्या भिंतीपासून ३.५ मीटर लांब, ३० सेंटिमीटर उंच व तितकाच रुंद लाकडी बाक ठेवला आहे. तो आडोसाही आहे आणि मुलांना बसण्याची जागाही. त्यावर चढलेले मूल पडले तरी उंची थोडी असते. दक्षिणेकडे राहिलेल्या दीड मीटरच्या वाटेत सेविकेचे बैठे आसन आहे. तेथून बाकाची दोन्ही अंगे, समोरच्या कोपऱ्यातील दार व न्हाणीघराचे दार दिसते. मदतनीस खेळाच्या भागात फिरती असते. एक न्हाणीघरात गेली, तर दुसरी त्या आसनाजवळ येते.

बाकाची रुंदी वजा जाता पश्चिमेकडे साडेतेरा चौरस मीटर जागा राहते. दक्षिणेच्या भिंतीलगत २.४ मीटर लांब, ६० सेंटिमीटर उंच व ३५ सेंटिमीटर खोल रॅक आणि १.२ मीटर बाय ६० सेंटिमीटरचा एक चौरंग ठेवल्यावर सुमारे १२ चौरस मीटर जमीन मोकळी मिळते. दहाही मुले जागी असली, तरी प्रत्येकाला पावणेतेरा चौरस फुटांच्या आसपास जागा मिळते व ती किमान निकषात बसते. दारापासून निजेच्या भागापर्यंत ९० सेंटिमीटरची सरळ वाट कायम मोकळी ठेवली आहे. आग लागल्यास किंवा साप निघाल्यास दहा मुलांना दोघींनी बाहेर न्यायचे असते आणि त्यांतील काही मुले उचलूनच न्यावी लागतात.

पूर्वेच्या भिंतीकडील पाच चटया दिवसभर घातलेल्या असतात. पहाटे आलेली व आजारपणातून उठलेली मुले तेथे केव्हाही झोपू शकतात. बाकालगतच्या पाच चटया जेवणानंतर घालतात व दुपारनंतर उचलून टांगतात. त्यामुळे सकाळी व संध्याकाळी खेळाला दीड मीटरहून अधिक रुंदीचा पट्टा वाढून मिळतो आणि उशिरा उठणाऱ्या मुलाला कोणी तुडवत नाही.

## मर्यादा

ही मांडणी आयताकृती, खांब नसलेल्या खोलीसाठी आहे. माळवदाच्या खोलीत मधला खांब असल्यास आसनाची जागा खांबाच्या सावलीत येणार नाही अशी बदलावी लागते. ती सापडत नसेल तर मुलांची संख्या कमी करणे हाच उपाय उरतो. हंगामी कक्षात मुलांची संख्या टोळ्या येतील तशी बदलते. दहाच्या जागी पंधरा मुले आली म्हणजे प्रथम चटयांमधील अंतर कमी होते, नंतर दाराच्या वाटेत चटई पडते आणि शेवटी सेविकेचे आसन हलते. आसन मूळ जागेवरून हलले असल्यास खोलीत क्षमतेपेक्षा अधिक मुले आहेत, असे तपासणीला आलेल्या व्यक्तीने समजावे. अशा वेळी दुसरी खोली व दुसरी सेविका यांची तजवीज करावी लागते. सामान बदलून हा प्रश्न सुटत नाही.